परदेशी विद्यार्थी घरी राहायला आल्यावर पहिल्या दिवशी काय सांगायचं? कोल्हापुरातल्या यजमान घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवाजी विद्यापीठात किंवा एखाद्या संस्थेत शिकायला आलेली परदेशी मुलं राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क अशा भागांतल्या घरांत राहतात. त्यांना घरी घेणाऱ्या कुटुंबांना सगळ्यात अवघड जातं ते पहिल्या दिवसाचं बोलणं. जेवण, रात्रीची वेळ, कपडे आणि घरातली रीत या चार गोष्टींवर जेवढं स्पष्ट बोलणं होतं, तेवढे पुढचे महिने सुखाचे जातात. यजमान काका-काकूंकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे बोलणं नेमकं कधी करायचं? मूल दारात आल्याआल्या का?

नाही. बरीच मुलं रात्रभराचं विमान, मग मुंबई, मग महालक्ष्मी एक्स्प्रेस असा प्रवास करून सकाळी कोल्हापूर स्टेशनवर उतरतात. त्या अवस्थेत त्यांना चार वाक्यांपलीकडे काही लक्षात राहत नाही. म्हणून बोलण्याचे दोन भाग करा.

पहिल्या तासात फक्त अंगाला लागणाऱ्या गोष्टी घ्या: प्यायचं पाणी कुठलं, बाथरूम कसं वापरायचं, वायफायचा पासवर्ड काय, घराची किल्ली कुठली, आणि कुठल्या खाण्याची ॲलर्जी आहे का. बाथरूम तोंडी समजावू नका, आत नेऊन दाखवा. गिझरचं बटण बऱ्याच घरांत दाराबाहेर असतं, ते दाबून दाखवा आणि आंघोळ झाली की बंद करायचं हेही तिथेच सांगा. गरम पाण्याचा नळ सोडून दाखवा, बादली आणि तांब्या दाखवा. कमोडजवळचा हातफवारा कशासाठी आहे हे सांगायला लाजू नका. कागद वापरायचा असेल तर तो कमोडमध्ये न टाकता झाकणाच्या डब्यात टाकायचा, हेही तिथेच सांगा. हे राहून गेलं तर आठवडाभरात प्लंबरला बोलवावं लागतं.

मग झोपू द्या. बाकीचं बोलणं संध्याकाळी, चहाच्या वेळी. रात्रीच्या जेवणावर मात्र हा विषय काढू नका. समोर नवीन ताट, हाताने जेवायची धडपड आणि त्यात नियमांची यादी, यातलं काहीच नीट होत नाही.

कोणी बोलायचं? आमचं इंग्रजी बेताचं आहे.

एकानेच बोलावं, पण घरातले सगळे तिथे बसलेले असावेत, आज्जींसकट. काका म्हणतात दहा, काकू म्हणतात साडेदहा, आणि आज्जी म्हणतात दिवेलागणीला घरात पाहिजे, असं झालं तर मूल त्यातली सगळ्यात सोयीची वेळ धरतं, आणि त्यात त्याचा दोष नाही. म्हणून आदल्या दिवशी घरात आपसात ठरवून घ्या.

इंग्रजी साधं असलं तरी चालतं. अडचण भाषेपेक्षा ‘ओके’ची असते. कुठल्याही नवख्या घरात माणूस मान डोलावतो. म्हणून ‘समजलं का?’ असं विचारू नका, त्याला उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी विचारा, ‘उद्या मैत्रिणींबरोबर बाहेर गेलीस आणि उशीर होतोय असं वाटलं, तर काय करशील?’ तिच्या उत्तरावरून काय पोचलं आणि काय राहिलं ते लगेच कळतं.

आमच्या घरी तिखट असतं. वेगळा स्वयंपाक करावा लागेल का?

वेगळा नाही, पण आधी काढून ठेवावा लागेल. आमटी शिजली की चटणी घालायच्या आधी एक वाटी बाजूला काढायची. भाजीचंही तसंच. ज्याला घरच्या कांदा-लसूण चटणीची सवय नाही, त्याच्या तोंडाला पहिल्या आठवड्यात अर्धा चमचाही जड जातो, आणि तोंडापेक्षा पोटाला जास्त. तिखट लागलं की ही मुलं पाणी पितात. पाण्याने मिरचीची आग कमी होत नाही, दह्याने किंवा दुधाने होते. ताटात दह्याची वाटी ठेवा आणि ती कशासाठी आहे ते सांगा.

मुलांना तिखट खाऊन बघायचं असतंच, कोल्हापूरचं नाव ऐकूनच ती येतात. त्यांना अडवू नका, पण क्रम सांगा. पहिला आठवडा घरचं साधं जेवण, मग घरचाच तांबडा रस्सा थोडा, आणि मग बाहेरची मिसळ. बाहेरचा बर्फ, कापून ठेवलेली फळं आणि पाणीपुरीचं पाणी सुरुवातीचे पंधरा दिवस नको, हे स्पष्ट सांगा. पोट बिघडलंच तर सांगायला संकोच करू नकोस, घरात ओआरएसची पाकिटं इथे आहेत, असं म्हणून ती जागा दाखवा. ही मुलं आजारपण लपवतात. यजमानांना वाईट वाटेल, आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवली असं वाटेल, अशी त्यांना भीती असते.

ॲलर्जीचं एवढं का विचारायचं? थोडंसं खाल्लं तर काय होतं?

या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे. काही मुलांना शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असते, आणि त्यात ‘थोडंसं’ असं काही नसतं. चिमूटभर कुटानेही ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, श्वास लागतो.

आता आपलं स्वयंपाकघर बघा. शेंगदाण्याचा कूट कोशिंबिरीत, वांग्याच्या भाजीत, साबुदाण्याच्या खिचडीत, सुक्या चटणीत असतो. पुष्कळ घरांत तेलही शेंगदाण्याचंच. तीळ तर दिसतही नाहीत, कारण ते वर्षाच्या चटणीतच सुकं खोबरं, खसखस आणि मसाल्यांबरोबर कुटलेले असतात. म्हणजे ‘आज भाजीत तीळ घातले नाहीत’ असं काकू अगदी खरं सांगत असतात, आणि तरीही ताटात तीळ असतात.

म्हणून मूल यायच्या आधीच लेखी विचारा आणि आल्यावर पहिल्या तासात पुन्हा विचारा. शेंगदाणे आणि तीळ हातात धरून दाखवा, नावावरून त्यांना कळेलच असं नाही. ॲलर्जी असेल तर वर्षाची चटणी त्या मुलाच्या जेवणात अजिबात नको. साधं लाल तिखट, हळद आणि मीठ एवढ्यावर भागवा, आणि त्याच्यासाठी कढई, पळी आणि डबा वेगळे ठेवा. कुटाचा चमचा आमटीत बुडाला तरी तेवढं पुरतं. ज्याला मोठा त्रास होण्याचा धोका असतो त्याच्याजवळ बहुधा ॲड्रेनॅलिनचं पेनासारखं इंजेक्शन असतं. ते कुठे ठेवलंय आणि कसं टोचायचं हे त्याच्याकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या. श्वास लागला तर इंजेक्शन द्यायचं आणि लगेच १०८ ला फोन करायचा. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण त्रास काही वेळाने उलटू शकतो.

ॲलर्जी फार गंभीर असेल आणि तुमच्या घरी रोज कूट लागत असेल, तर त्या मुलाला दुसरं घर बघा असं आधीच कळवणं चांगलं. त्यात कमीपणा नाही.

मूल शाकाहारी आहे म्हणतं. मग आमच्यासारखंच ना?

विचारून घ्या. कोणी अंडी खातं, कोणी मासे खाऊनही स्वतःला शाकाहारी म्हणवतं, कोणी दूध, दही, तूपही घेत नाही. जे दूधही घेत नाहीत त्यांना पोळीवरचं तूप आणि चहातलं दूध आधी सांगावं लागतं. एक गोष्ट हमखास चुकते. पांढरा रस्सा दिसायला नारळाच्या दुधाचं सार वाटतं, आणि त्यात मटणाचा एकही तुकडा दिसत नाही. पण तो मटणाच्या अळणी पाण्याचाच असतो. पाहुण्यांकडे गेल्यावर किंवा हॉटेलात शाकाहारी मूल तो आनंदाने पिऊन मोकळं होतं आणि नंतर कळलं की फार दुखावतं. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

उलट बाजूही सांगा. तुमच्याकडे सोमवारी, गुरुवारी किंवा श्रावणात मांसाहार होत नसेल, तर त्या दिवशी बाहेरून पार्सलही आणायचं नाही, हे त्यांना आपोआप कळणार नाही.

जेवणाच्या वेळेचं काय सांगायचं?

आपण रात्री नऊला जेवतो. युरोपातल्या काही देशांतलं मूल सहा-सातला जेवायच्या सवयीचं असतं आणि आठ वाजता भुकेने चिडचिडं होतं. त्याच्यासाठी वेळ बदलायची गरज नाही. सहाच्या सुमारास केळी, चिरमुरे, पोळीचा लाडू असं काहीतरी कुठल्या डब्यात मिळेल ते दाखवा, आणि न विचारता घ्यायचं हेही सांगा. नाहीतर ते मूल फ्रिज उघडायलाही घाबरतं. त्याचबरोबर ज्या वस्तूंना हात लावायचा नाही, जसा नैवेद्याचा डबा, त्याही दाखवा.

जेवायला येणार नसेल तर चार वाजेपर्यंत कळवायचं, असं एक ठरवा. कारणासकट सांगा, की पाचला भाकरीचं पीठ काढतात आणि मोजून करतात. कारण कळलं की मुलं बरोबर पाळतात.

आणि आग्रह. आपल्याकडे ‘नको’ म्हटल्यावर वाढायचं असतं, त्यांच्याकडे ‘नको’ म्हटल्यावर थांबतात. ताटात पडलेलं संपवायचं असं शिकवलेलं मूल मुकाट्याने खात राहतं आणि रात्री ओकतं. हात ताटावर आडवा धरला की आम्ही वाढणं थांबवू, असं सांगा आणि खरोखर थांबवा.

रात्री किती वाजता घरात यायला सांगायचं? ही मोठी मुलं आहेत, बंधन घातलेलं आवडेल का?

ठरावीक वेळ सांगितलेली आवडते. ‘लवकर ये’ म्हटलेलं मात्र त्यांना कळत नाही. एका घरातला प्रसंग सांगण्यासारखा आहे. जर्मनीहून आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं, ‘फार उशीर करू नकोस.’ तिसऱ्याच संध्याकाळी ती वर्गातल्या मुलामुलींबरोबर रंकाळ्यावर गेली, तिथे भेळ खाल्ली, गप्पा झाल्या आणि सव्वाअकराला परत आली. तिच्या गावी ही वेळ उशिराची नाही. फाटक उघडं होतं, आज्जी सोफ्यावर बसून होत्या. आज्जी काही बोलल्या नाहीत, ‘जेवलीस का?’ एवढंच विचारून झोपायला गेल्या. मुलीला वाटलं, सगळं ठीक आहे. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा त्याच वेळेला आली आणि काका एकदम रागावले. तिला कळेना, मागच्या वेळेला चाललं ते आज का चालत नाही.

त्या घराने मग पुन्हा बोलणं केलं, ते असं: ‘साडेदहाला आम्ही फाटकाला कुलूप लावतो. तू आल्याशिवाय आज्जींना झोप लागत नाही, आणि त्या पहाटे पाचला उठतात. उशीर होणार असेल तर नऊच्या आत मेसेज टाक: कुठे आहेस, बरोबर कोण आहे, किती वाजता येशील. आधी कळवलंस तर अकरापर्यंत चालेल. आल्यावर बेल वाजवू नकोस, काकांना फोन कर, ते उघडतील. एकटी असशील आणि रिक्षा मिळत नसेल, तर कितीही वाजता फोन कर, आम्ही न्यायला येऊ, रागावणार नाही.’ त्यानंतर त्या मुलीचा मेसेज साडेआठलाच यायला लागला.

या बोलण्यात काय काय आहे ते बघा. नक्की वेळ आहे, तिचं कारण आहे, सवलत कशी मिळेल ते आहे, उशीर झाल्यावर दार कसं उघडेल ते आहे, आणि अडचणीत सापडल्यावर घाबरून लपवायची वेळ येणार नाही अशी हमी आहे. शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. रात्री केएमटी कमी होत जातात आणि रागाच्या भीतीने मूल अनोळखी माणसाच्या गाडीवर बसून येतं, हे कुठल्याही उशिरापेक्षा वाईट.

मुलग्यांना एक वेळ आणि मुलींना दुसरी असं करणार असाल, तर ते दोघं वर्गात एकमेकांना सांगणारच हे लक्षात ठेवा. माझं मत, वेळ सगळ्यांना एकच ठेवावी. गणपती विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, नवरात्रात अंबाबाईच्या देवळात रात्री गर्दी असते. त्या दिवसांचं वेगळं बोला, आणि शक्य तर घरातलं कोणीतरी बरोबर जा.

रात्री बाराला खोलीतून बोलण्याचा आवाज येतो. काय करावं?

घरी फोन चालू असतो. जर्मनीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा झालेले असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. आईवडील कामावरून येऊन निवांत बसतात ती हीच वेळ. अमेरिकेतल्या मुलांचे फोन पहाटे होतात. बोलू नकोस असं सांगता येत नाही, सांगूही नये. अकरानंतर इअरफोन लावून, दार बंद करून, हळू आवाजात बोलायचं, एवढं ठरवा. आज्जींची खोली शेजारी असेल तर गच्ची किंवा हॉल वापरायला द्या.

कपडे कोण धुणार?

हे न सांगितल्यामुळे होणारे घोटाळे बारीक पण फार लाजिरवाणे असतात. धुण्याला मावशी येत असतील तर त्या काय धुतात आणि काय नाही, ते उघड सांगा. बहुतेक घरांत आतले कपडे ज्याने त्याने आंघोळीच्या वेळी धुवायचे असतात. मुलांना हे माहीत नसतं, ती सगळं एकत्र गोळा करून पिशवी बाहेर ठेवतात. मावशी नाराज होतात, काकूंना बोलायला अवघड वाटतं आणि मुलाला काही कळतच नाही. धुण्याचा साबण, ब्रश, बादली दाखवा. हाताने धुण्याची सवय नसेल तर एक कपडा धुऊन, पिळून दाखवा.

मशीन असेल तर वार ठरवून द्या, आठवड्यातले दोन पुरतात. नळाला पाणी भागाप्रमाणे ठरावीक वेळेला येतं आणि बाकीचा दिवस टाकीवर चालतो, हे त्यांना सांगावं लागतं, कारण चोवीस तास नळ चालू असणं त्यांना गृहीत असतं. दोन टी-शर्टसाठी मशीन लावायचं नाही. नवीन घेतलेला रंगीत कुर्ता पहिल्यांदा वेगळा भिजवायचा, नाहीतर घरातले पांढरे कपडे गुलाबी होतात.

वाळत घालायची जागाही दाखवा. आतले कपडे गच्चीवर कुठल्या दोरीवर घालायचे याची तुमच्या घरात एक पद्धत असते, ती सांगितल्याशिवाय कळणार कशी? समोरच्या गॅलरीत नको असतील तर तसं सांगा.

जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत. तेव्हा?

पावसाळ्यात येणाऱ्या मुलाला हे पहिल्याच दिवशी सांगा, कारण ते चार दिवसांचे कपडे घेऊन बसतं. जीन्स दोन-तीन दिवस ओली राहते आणि कुबट वास येतो. पातळ सुती किंवा लवकर वाळणारे कपडे वापर म्हणावं. कपडे रोज थोडे थोडे धुवायचे, घरातल्या दोरीवर अंतर ठेवून पंख्याखाली घालायचे. किंचित दमट राहिलेल्याला इस्त्री फिरवायची, पण ओला कपडा कपाटात ठेवायचा नाही. एकदा बुरशी धरली की ती शेजारच्या कपड्यांनाही लागते. इस्त्रीवाला किती दिवसांनी येतो आणि एका कपड्याचे किती घेतो तेही सांगून ठेवा.

देवघर, चपला, उष्टं… हे सगळं कसं समजवायचं?

घरभर फिरवून. दारात चपला काढायची जागा, देवघर, स्वयंपाकघर असं नेत जा आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोला. देवघरात आंघोळ करून जायचं, पाय देवाकडे करून बसायचं नाही. तांब्याला तोंड न लावता वरून प्यायचं, जमत नसेल तर वेगळा पेला घे. आपल्या ताटातला चमचा भांड्यात घालायचा नाही. वाढताना आणि देताना उजवा हात.

पाळीचा विषय मुलगी यायच्या आधी घरात बोलून घ्या. तुमच्याकडे त्या दिवसांत देवघरात जात नसतील, तर काकूंनी तिला एकटीला, खोलीत, शांतपणे सांगावं. घरातली रीत म्हणून सांगावं, अस्वच्छ वगैरे शब्द वापरू नयेत. तिने काही विचारलं तर चिडू नये. पॅड कागदात गुंडाळून कुठल्या डब्यात टाकायचं हेही त्याच वेळी सांगा. तिला वेगळं बसवणार असाल, तर माझ्या मते परदेशी मुलीला घरी घेऊ नये.

आपल्यालाही एक शिकावं लागतं. आपल्या घरांत दार ढकलून आत जातात. या मुलांच्या खोलीत टकटक करून, उत्तर आल्यावरच जायचं. केर काढायलाही. आतून कडी लावली म्हणजे ते रुसलेत असं नसतं.

मित्रमैत्रिणी, दारू, सिगारेट?

जे चालत नाही ते थेट सांगा: ‘या घरात दारू आणि सिगारेट नाही, गच्चीवरही नाही.’ आडून सुचवू नका. मित्रमैत्रिणी आल्या तर हॉलमध्ये बसायचं, रात्री मुक्काम नाही, यायच्या आधी विचारायचं. घरातल्या लहान मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकायच्या आधी विचारायचं, आणि तुम्हीही त्या मुलाचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायच्या आधी त्याला विचारा.

सरकारी नोंद काही करावी लागते का?

हो. परदेशी माणूस घरी राहायला आला की चोवीस तासांच्या आत यजमानाने त्याची नोंद करायची असते. सगळे तिला सी-फॉर्म म्हणतात. ती indianfrro.gov.in वर ऑनलाइन होते. पासपोर्ट, व्हिसा आणि फोटो लागतो, म्हणून पहिल्या संध्याकाळच्या बोलण्यातच ते मागून घ्या आणि कशासाठी हवेत ते सांगा. नुसता ‘पासपोर्ट दे’ म्हटलं तर मूल घाबरतं. फोटो काढून लगेच त्याच्या हातात परत द्या, पासपोर्ट घरात ठेवून घेऊ नका.

सगळं सांगितलं, तरी चुका होतात. मग?

आठव्या दिवशी पुन्हा चहाला बसा. या वेळी तुम्ही कमी बोला आणि तीन गोष्टी विचारा: कुठलं जेवण जात नाही, झोप लागते का, आणि आमच्या घरातली कुठली गोष्ट कळली नाही. पहिल्या दोन प्रश्नांना ‘सगळं छान’ असं उत्तर येईल, तिसऱ्याला खरं येतं. एखादी वेळ बदलावी लागली तर बदला, आणि ठरलेलं एका कागदावर लिहून त्याच्या खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. फ्रिजवर नको, येणारे-जाणारे पाहुणे वाचतात आणि मुलाला अवघडल्यासारखं होतं. कागदावर खाली काका-काकूंचे नंबर, १०८ आणि ११२ लिहा.